अंगठी, रुमाल आणि मॅकरून : रंगमंचावरचं खोटं प्रेक्षकाला कसं कळतं?

मागच्या भागात आपण स्वगताबद्दल बोललो होतो. आजचा विषय त्याला लागूनच आहे. नाटकातलं एखादं पात्र दुसऱ्या पात्राशी खोटं बोलतं. ऐकणाऱ्याला ते खरं वाटायला हवं, नाहीतर कथानक तिथंच संपलं. पण समोर बसलेल्या प्रेक्षकाला मात्र ते खोटं आहे हे कळायला हवं, नाहीतर प्रसंगात ताणच राहत नाही. एकच वाक्य आहे, ते दोघांच्या कानांवर पडतं, आणि त्याचा अर्थ मात्र दोघांना वेगवेगळा लागला पाहिजे. हे नाटककारानं साधायचं कसं?

या प्रश्नाला एक इतिहास आहे. तो पाहण्यासाठी आपण तीन नाटकं घेणार आहोत : कालिदासाचं शाकुंतल, शेक्सपिअरचं ऑथेल्लो आणि इब्सेनचं अ डॉल्स हाउस. तिन्ही नाटकांत एकेक साधी वस्तू आहे. अंगठी, रुमाल, आणि बदामाची छोटी बिस्किटं, ज्यांना मॅकरून म्हणतात. या तीन वस्तूंच्या मागोमाग आपण जाऊ.

आधी सर्वांत सोपा मार्ग बघू. पात्र खोटं बोलणार आहे हे त्यानं स्वतःच प्रेक्षकाला सांगून टाकायचं. आपल्याकडच्या नाट्यशास्त्रात यासाठी अगदी व्यवस्थित सोय केलेली आहे. मनातलं बोलायचं तर स्वगत किंवा आत्मगत. रंगमंचावर तिसरं माणूस उभं असताना दोघांनीच काही बोलायचं तर जनान्तिक, आणि त्यासाठी हाताची त्रिपताक मुद्रा करायची : अनामिका दुमडलेली, बाकीची बोटं सरळ, आणि तो हात आडोशासारखा धरायचा. हात असा धरला की पलीकडच्याला ऐकू आलं नाही, असं नट आणि प्रेक्षक दोघांनीही मान्य केलेलं असतं. इंग्रजी रंगभूमीवरही वेगळ्या रीतीनं तेच होतं. ऑथेल्लोमधला इयागो एकटा उभा राहून आपला सगळा डाव आपल्याला सांगतो. त्यामुळे पुढं तो ‘प्रामाणिक इयागो’ म्हणून वावरतो तेव्हा त्याचा प्रत्येक शब्द आपण उलटा करूनच ऐकतो.

ही पद्धत जुनी आहे म्हणून कच्ची आहे, असं मात्र समजू नका. तिचा मोठा फायदा म्हणजे प्रेक्षकाच्या मनात गोंधळ राहत नाही. तिची मर्यादा वेगळीच आहे. स्वगतामुळे आपल्याला खोट्यामागचा बेत कळतो, पण ते खोटं बोलताना त्या माणसाला आतून काय होतंय, ते कळेलच असं नाही. बेत करून खोटं बोलणाऱ्याला स्वगत शोभतं. पण घाबरून, अचानक, तोंडातून निघून गेलेलं खोटं असेल तर? त्या माणसाला स्वगत म्हणायला वेळच कुठं असतो?

आता शाकुंतल. पहिल्या अंकात दुष्यंत आश्रमात येतो आणि शकुंतलेच्या सख्या त्याला विचारतात, आपण कोण? इथं राजा आधी स्वगतात स्वतःलाच विचारतो की आता ओळख द्यावी की लपवावी. म्हणजे कालिदासानं प्रेक्षकाला सावध केलं. मग राजा सांगतो की पौरव राजानं धर्मकार्यावर नेमलेला मी माणूस आहे, आश्रमातली कर्मं निर्विघ्न चालली आहेत ना, ते पाहायला आलो. हे खोटं नीट ऐका. त्यात खऱ्याचा अंश भरपूर आहे. तो पौरवच आहे, आणि आश्रमांचं रक्षण हे त्याचंच काम आहे. फक्त नोकर आणि मालक यांची अदलाबदल केलेली आहे. चांगलं खोटं बहुतेक वेळा असंच असतं : बोलणाऱ्याला जी माणसं, जी कामं माहीत असतात त्यांतूनच ते बनतं.

पुढं थोड्या वेळानं गंमत होते. शकुंतला जायला निघते. प्रियंवदा तिला अडवते : माझ्या वाटणीच्या दोन झाडांना पाणी घालायचं तू देणं लागतेस, ते फेडल्याशिवाय जायचं नाही. राजाला तिची दया येते. ती दमली आहे, मी तिचं ऋण फेडतो, असं म्हणून तो बोटातली अंगठी काढून देऊ लागतो. अंगठीवर नाव कोरलेलं आहे. दोघी सख्या ती अक्षरं वाचतात आणि एकमेकींकडे बघतात. राजा घाईनं म्हणतो की भलता अर्थ काढू नका, ही राजाकडून मिळालेली भेट आहे.

मंडळी, चूक म्हणजे जिभेचीच चूक असं नाही, हे इथं दिसतं. राजाची जीभ घसरलेली नाही. त्याचा हात घसरला आहे. आणि तो का घसरला? कारण त्या क्षणी त्याचं सगळं लक्ष शकुंतलेला मोकळं करण्याकडे होतं, स्वतःला लपवण्याकडे नव्हतं. म्हणजे ही चूक योगायोगानं झालेली नाही, ती त्याच्या इच्छेतूनच झाली. याच्याइतकी महत्त्वाची गोष्ट आजच्या विषयात दुसरी नाही. पात्राला काहीतरी हवं असतं, त्या हव्यासापोटी ते एक पाऊल पुढं टाकतं, आणि त्या पावलानं त्याचं खोटं उघडं पडतं. विनाकारण अडखळणारं पात्र आपल्याला काहीच सांगत नाही.

दुसरी गोष्ट त्या सख्यांची. त्यांना काहीतरी उमगलं आहे, पण त्या बोलत नाहीत. प्रियंवदा उलट म्हणते की मग ही अंगठी आपल्या बोटातून निघू नये, आपल्या शब्दानंच ही ऋणमुक्त झाली. म्हणजे ऐकणाऱ्यानं खोटं पकडलं, तरी सभ्यपणे ते चालू दिलं. ऐकणारा मूर्ख नाही, आणि तरीही खोटं टिकतं. नाटककाराला ही वाट फार उपयोगी पडते.

आणखी एक जागा बघा. दुसऱ्या अंकात राजा विदूषकाला सांगतो की शकुंतला जाता जाता थांबली, पायात दर्भ रुतला म्हणाली, वल्कल झाडात अडकलं नसतानाही ते सोडवत मागं वळून उभी राहिली. हेही खोटंच, पण किती निष्पाप! शब्द सांगतात, पाय दुखतोय. मान सांगते, मागं बघायचंय.

याच अंकाच्या शेवटी मात्र राजा एक जड खोटं बोलतो. विदूषकाला राजधानीत पाठवायचं आहे. राजा मनाशी म्हणतो, हा पोरगा चंचल, अंतःपुरात जाऊन बडबडेल. म्हणून तो त्याला सांगतो, शकुंतलेबद्दल मी जे बोललो ती सगळी थट्टा होती. इथं कालिदासानं पुन्हा स्वगत वापरलं, कारण इथं बेत आहे. विदूषक विश्वास ठेवतो. पुढं शाप लागतो, राजा विसरतो, शकुंतलेला दरबारातून परत पाठवतो. सहाव्या अंकात, अंगठी सापडून राजाला सगळं आठवल्यावर, तो विदूषकाला विचारतो की तू का नाही आठवण करून दिलीस? विदूषक सांगतो, तुम्हीच म्हणालात ना, थट्टा होती म्हणून! सगळं माहीत असलेला एकमेव मित्र राजानं स्वतःच्या हातानं निरुपयोगी करून ठेवला होता. दुसऱ्या अंकात सहज वाटलेल्या खोट्याची किंमत चार अंकांनंतर वसूल होते.

तरीही एक फरक लक्षात ठेवा. पहिल्या अंकात राजा पकडला गेला असता तर काय झालं असतं? काही नाही. सख्यांनी नमस्कार केला असता. त्याचं खोटं हा खेळ आहे, कारण त्याच्याकडे सत्ता आहे. आता जिच्याकडे सत्ता नाही, तिचं खोटं बघू.

ऑथेल्लो, तिसरा अंक, चौथा प्रवेश. हे नाटक मराठी रंगभूमीच्या घरचंच आहे, कारण गोविंद बल्लाळ देवलांनी 1890 मध्ये ‘झुंझारराव’ या नावानं ते मराठीत आणलं. प्रवेश सुरू होण्याआधी आपल्याला काय माहीत आहे? डेस्डिमोनाचा रुमाल पडला, तिच्याच सोबतिणीनं, एमिलियानं, तो उचलला आणि आपल्या नवऱ्याला, इयागोला दिला. हे सगळं आपण आधीच्या प्रवेशात डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून प्रवेश सुरू होताना शेक्सपिअरला काहीही समजावून सांगायचं राहिलेलं नाही.

डेस्डिमोना एमिलियाला विचारते, माझा रुमाल कुठं हरवला असेल गं? एमिलिया म्हणते, मला माहीत नाही. पहिलं खोटं इथं, आणि ते इतकं लहान की निसटून जावं. मग ऑथेल्लो येतो. तो सरळ विचारत नाही. आपल्याला पडसं झालंय असं सांगतो आणि रुमाल मागतो. ती दुसराच रुमाल पुढं करते. तो म्हणतो, मी दिलेला कुठाय? ती म्हणते, आत्ता माझ्याजवळ नाही. हे अक्षरशः खरं आहे! ती अजून खोटं बोललेलीच नाही, फक्त खऱ्याच्या आडोशाला उभी आहे. मग ऑथेल्लो त्या रुमालाची कहाणी सांगतो : तो जादूचा आहे, तो हरवला तर नवऱ्याचं प्रेम जातं. ती घाबरते आणि तिच्या तोंडून निघून जातं की मग तो मी कधी पाहिलाच नसता तर बरं झालं असतं. ही पहिली घसरण. ज्याचा रुमाल कपाटात सुरक्षित आहे तो असं म्हणेल का?

ऑथेल्लो लगेच उचलतो : हरवला का? गेला का? आणि आता तिचं उत्तर बघा. ती आधी म्हणते की हरवलेला नाही. आणि त्याच श्वासात विचारते, पण समजा हरवला असेल, तर काय? एका ओळीत खोटं आणि कबुली, दोन्ही. पहिला अर्धा भाग भीतीनं बोलला आहे. दुसरा अर्धा भाग शिक्षा किती होईल याचा अंदाज घेतो. घरात काचेचं भांडं फुटलं की लहान मूल असंच विचारतं. तो म्हणतो, मग आण आणि दाखव. ती म्हणते, आणू शकते, पण आत्ता नाही आणणार, मी कॅसिओचं काम घेऊन आलेय ते टाळायला तुम्ही हे काढलंत. आणि ती कॅसिओची रदबदली सुरू करते.

आता या जागी तिला दुसरा कुठलाही विषय काढता आला असता. पण तिच्या डोक्यात सकाळपासून कॅसिओचंच काम आहे, म्हणून तिनं तोच विषय धरला, आणि ऑथेल्लोचा संशय नेमका कॅसिओवरच आहे. तो ‘रुमाल’ म्हणत राहतो, ती ‘कॅसिओ’ म्हणत राहते. आपल्याला दिसतं की ती रुमाल हरवल्याचं लपवते आहे. त्याला दिसतं की ती व्यभिचार लपवते आहे. खोटं तेच, खूणही तीच, पण प्रेक्षकाला एक सत्य कळतं आणि ऐकणाऱ्याला भलतंच. खोट्याच्या प्रसंगात ऐकणारा दोन प्रकारे चुकू शकतो : खोट्यावर विश्वास ठेवून, किंवा खोटं ओळखून चुकीचं सत्य गृहीत धरून. दुसरी चूक जास्त भयंकर आहे.

आणि या सगळ्या वेळात एमिलिया बाजूला उभी आहे. तिला रुमाल कुठं गेला ते माहीत आहे. ती त्या भांडणात त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. तिचं गप्प राहणं हे त्या प्रवेशातलं सर्वांत मोठं खोटं आहे, आणि त्यासाठी शेक्सपिअरनं तिला स्वगताची एकही ओळ दिलेली नाही.

आता तिसरी वस्तू. 21 डिसेंबर 1879 रोजी कोपनहेगनच्या रॉयल थिएटरमध्ये अ डॉल्स हाउसचा पहिला प्रयोग झाला. गंमत म्हणून सांगतो, त्यानंतर सव्वादहा महिन्यांनी, 31 ऑक्टोबर 1880 ला, पुण्यात किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल रंगमंचावर आलं. दोन्ही रंगभूमी तेव्हा किती वेगळ्या वाटांवर होत्या ते यातून कळतं. इब्सेननं दहा वर्षांपूर्वीच ‘द लीग ऑफ यूथ’ हे नाटक लिहून गेओर्ग ब्रांडेसला अभिमानानं कळवलं होतं की आपण यात एकही स्वगत किंवा जनान्तिक वापरलेलं नाही. डॉल्स हाउसमध्ये नोरा एकटी असताना थोडंफार स्वतःशी बोलते, तेवढी स्वगतं त्यानं ठेवली. पण ती खोटं बोलते त्या जागी मात्र एकही नाही.

नाटकाची सुरुवात आठवा. नाताळची पूर्वसंध्या. नोरा खरेदी करून, गुणगुणत घरात येते. हमाल झाड घेऊन आलाय. तो पन्नास ओर मागतो, ती त्याला अख्खा क्रोन देते आणि उरलेले ठेव म्हणते. मग खिशातून मॅकरूनची पिशवी काढते, एक-दोन खाते. नंतर हळूच नवऱ्याच्या दाराशी जाऊन कान देते. तो घरीच आहे. आतून त्याचा आवाज येतो, त्यावर ती पिशवी खिशात टाकते, तोंड पुसते, आणि मग त्याला हाक मारते की बाहेर या, मी काय आणलंय बघा.

अजून खोटं एकही शब्द बोललं गेलेलं नाही. पण आपल्याला किती कळलं! हिला गोड खाण्याची मनाई आहे. मनाई करणारा घरात आहे. आणि तोंड पुसण्याची तिची सफाई बघता हे पहिल्यांदा होत नाहीय. थोड्या वेळानं टोरवाल्ड बोट नाचवत विचारतो, आज काहीतरी संशयास्पद दिसतेस, मिठाईवाल्याकडे गेली होतीस का? नाही. एखादं मॅकरून तरी? नाही, खरंच नाही. तो म्हणतो, अगं मी थट्टा करतोय. ती टेबलाकडे जाते आणि म्हणते, तुमच्या मनाविरुद्ध मी काही करेन का कधी?

इथला क्रम महत्त्वाचा आहे. आधी वस्तू दिसली, मग लपवणं दिसलं, मग प्रश्न आला, मग खोटं आलं. वस्तू आधी दिसल्यामुळे खोटं बोलताना नोराला थरथरण्याची, घाम पुसण्याची, नजर चुकवण्याची काहीच गरज उरली नाही. ती अगदी सराईतपणे खोटं बोलू शकते, आणि तोच तर मुद्दा आहे. क्रम उलटा केला असता, म्हणजे आधी ‘नाही, खरंच नाही’ आणि नंतर पिशवी दिसली असती, तर आपण फक्त ‘अरेच्चा, फसवलं की हिनं’ असं म्हटलं असतं. आपण तिच्या बाजूला नसतो, टोरवाल्डच्या बाजूला असतो.

आणि हे नजर चुकवण्याचं तर खऱ्या आयुष्यातही फारसं खरं नाही. 2006 मध्ये बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी आधीच्या अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र केले, तेव्हा समोरचा खोटं बोलतोय की खरं हे लोकांनी सरासरी 54 टक्के वेळाच बरोबर ओळखलं होतं. नाणं उडवलं तर 50. म्हणजे चेहऱ्यावरून खोटं कळतं हा आपला समज आहे. नाटकात चेहऱ्यावर भिस्त ठेवली तर दुहेरी नुकसान होतं. प्रेक्षकाला जे दिसतं ते समोरच्या पात्रालाही दिसायला हवं, मग त्याला का दिसत नाही? तो मूर्ख ठरतो, आणि मूर्खाशी खोटं बोलण्यात काही पणाला लागत नाही.

मॅकरून तिथंच संपत नाही. नंतर डॉक्टर रँक आणि मैत्रीण क्रिस्टीने बसलेले असताना नोरा पिशवी बाहेर काढते. रँक म्हणतो, अरे, इथं तर याला बंदी आहे ना? नोरा पटकन म्हणते, हे क्रिस्टीनेनं दिलेत. क्रिस्टीने दचकते : मी? नोरा म्हणते, घाबरू नकोस, तुला काय माहीत असणार की टोरवाल्डनं बंदी घातली आहे, माझे दात खराब होतील अशी त्यांना भीती वाटते. इथं काही गरजच नव्हती खोटं बोलायची! रँक काही टोरवाल्डकडे जाऊन चुगली करणार नाही. पण तिला सवय झाली आहे. पहिलं खोटं भीतीचं, दुसरं सवयीचं. आणि खूण नोराच्या चेहऱ्यावर नाही, क्रिस्टीनेच्या ‘मी?’ या एका शब्दात आहे. खोटं बोलणारा सफाईदार असेल तर खूण तिसऱ्या माणसाला द्यावी.

आता खरा प्रश्न येतो. नोरानं नवऱ्याच्या आजारपणासाठी 4,800 क्रोन कर्ज काढलं आहे, आणि हमीपत्रावर वडिलांची सही स्वतःच केली आहे. क्रोगस्टाड तिला कागद दाखवतो. वडील वारले 29 सप्टेंबरला, सहीखालची तारीख 2 ऑक्टोबर. मेलेल्या माणसानं तीन दिवसांनी सही कशी केली? ही घसरण कागदावरची आहे, आणि तीही तिच्या मनःस्थितीतूनच आली आहे : वडील मरत होते, नवरा मरेल अशी भीती होती, तारखेचा विचार करायला तिला सवड कुठं होती? क्रोगस्टाड विचारतो, ती गप्प राहते. तो पुन्हा विचारतो, ती गप्पच. शेवटी मान ताठ करून ती सांगते, सही मी केली.

बघा, जिच्या तोंडून मॅकरूनबद्दल सहज खोटं निघतं, ती तुरुंगाची भीती समोर उभी असताना खरं बोलते. आणि क्रोगस्टाड जातो, टोरवाल्ड घरात येतो. कोणी आलं होतं का? नोरा : इथं? नाही. तो म्हणतो, नवल आहे, मी आत्ता क्रोगस्टाडला फाटकातून जाताना पाहिलं. ती : हो, हो, तो क्षणभर आला होता.

या दोन प्रसंगांना शेजारीशेजारी ठेवलं की नाटक उघडं होतं. धमकी देणाऱ्या सावकाराशी ती खरं बोलते, लाडानं ‘माझी चिमणी’ म्हणणाऱ्या नवऱ्याशी खोटं बोलते. भीती कुणाची आहे? हे इब्सेननं कुणाच्याही तोंडून वदवलेलं नाही. कोण कुणाशी खोटं बोलतं, एवढ्यावरूनच ते कळतं. प्रेक्षकाला खोट्यामागचं सत्य कळतं, ते फक्त ‘तिनं मॅकरून खाल्लं’ एवढं नसतं. या घरात प्रेम परवानगीवर चालतं, हे ते सत्य असतं. डेस्डिमोना आणि नोरा यांच्या खोट्यातला धागा हाच आहे, आणि दुष्यंताच्या अंगठीत तो नाही.

मराठीत ही पद्धत यायला वेळ लागला. 1933 मध्ये ‘नाट्यमन्वंतर’नं ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणलं. ते श्री. वि. वर्तकांनी ब्यर्नसन या इब्सेनच्याच देशबांधवाच्या नाटकावरून लिहिलं होतं. लग्न ठरलेल्या तरुणाचा दडवलेला पूर्वेतिहास हाच त्या मूळ नाटकाचा विषय. दडवलेली गोष्ट दिवाणखान्यातल्या साध्या बोलण्यातून बाहेर यायची, तर नटालाही प्रेक्षकाकडे तोंड करून बोलणं सोडावं लागतं आणि समोरच्या पात्राचं ऐकावं लागतं.

आता हे सगळं हातात घेऊन एक छोटा प्रवेश लिहून बघू. समजा, एका मुलाची ऑफिसातली नोकरी तीन आठवड्यांपूर्वी गेली आहे. त्यानं आईला सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन तो घराबाहेर पडतो. आपण बऱ्याचदा असं लिहितो : आई विचारते, ‘काय रे, ऑफिस कसं चाललंय?’ तो नजर चुकवतो, कपाळावरचा घाम पुसतो, ‘च... चांगलं’ म्हणतो. यात प्रेक्षकाला फक्त एवढं कळतं की काहीतरी लपवतोय. काय, ते नाही. आणि आईला दिसत कसं नाही, हा प्रश्न उरतो तो वेगळाच.

दुसऱ्या तऱ्हेनं लिहू. प्रवेशाच्या सुरुवातीला भरदुपारी तो दुसऱ्याच कुठल्या इमारतीच्या जिन्यात बसून डबा खातोय. वरून कुणी उतरतं, तो सरकून वाट देतो. बस, एवढंच. मग संध्याकाळ. तो घरी येतो, चप्पल काढतो, चेहरा प्रसन्न. आई डबा धुवायला घेते.

‘उद्या लवकर उठवू नको ना तुला?’

‘का गं? रोजच्यासारखंच उठव.’

‘अरे, उद्या दुसरा शनिवार.’

‘हां... हो की. उठवू नकोस. साहेबांनी इतकं पिळून काढलंय ना या आठवड्यात, वारच लक्षात नाही राहिला.’

आई नळ बंद करते. डबा पुसून फळीवर ठेवते. ‘मग सोमवारी देते डबा,’ म्हणते.

इथं घसरण कुठं आहे? नोकरीवर जाणारा माणूस सगळं विसरेल, पण सुट्टीचा वार विसरणार नाही. ती त्याच्या परिस्थितीतूनच आलेली चूक आहे, दुष्यंताच्या अंगठीसारखी. ती सावरायला तो जास्तीचा तपशील घालतो, साहेबांचा, जो कुणी विचारलेला नव्हता. आणि आईला कळलं की नाही? नळ बंद झाला, एवढंच आपण पाहिलं. प्रियंवदेसारखी तीही कदाचित चालू देते आहे. पुढच्या प्रवेशात सोमवारचा डबा भरताना तिनं झाकणाखाली शंभराची नोट ठेवली, तर सगळं बोलून झालं. तिथं आईला एक वाक्य जरी दिलं, ‘मला सगळं माहीत आहे रे’ असं, तर आधीचं सगळं वाया जाईल.

असा प्रवेश लिहून झाला की तो तपासायचा कसा? एकदा तो फक्त ऐकणाऱ्याच्या बाजूनं वाचा. जे त्यानं पाहिलं-ऐकलं तेवढंच धरा, आणि विचारा, एवढ्यावर एखादा शहाणा माणूस विश्वास ठेवेल का? ठेवणार नसेल, तर खूण फार मोठी झाली आहे, किंवा ती चुकीच्या माणसासमोर दाखवली आहे. मग दुसऱ्यांदा खोटं बोलणाऱ्याची सगळी वाक्यं झाकून वाचा, फक्त कृती आणि वस्तू ठेवा. जिना, डबा, नळ. तेवढ्यावरून सत्याची चाहूल लागत असेल तर प्रवेश उभा आहे. लागत नसेल, तर आपण पुन्हा स्वगतच लिहितो आहोत, फक्त त्याला संवादाचे कपडे घातलेत.

या पद्धतीला मर्यादा आहेत. अगदी मागच्या रांगेत बसलेल्याला मॅकरूनची पिशवी दिसेलच असं नाही, म्हणून इब्सेननं ती एकदाच दाखवून सोडली नाही. आधी खाणं, मग दाराशी कान, मग तोंड पुसणं, मग प्रश्नात तिचं नाव, आणि पुढं पुन्हा रँकसमोर. आणि बेतानं, थंडपणे खोटं बोलणाऱ्या इयागोला अजूनही स्वगतच लागतं, कारण तो घसरतच नाही. घसरतो तो माणूस, ज्याला खोटं बोलताना दुसरंही काहीतरी हवं असतं : मुलीला मोकळं करायचं असतं, मित्राचं काम करून द्यायचं असतं, आईला काळजीतून वाचवायचं असतं.

आज इथंच थांबतो. पुढच्या भागात आपण याच नोराच्या टारांटेला नाचाकडे वळू. शेवटचा खोटेपणा ती शब्दांनी नाही, नाचून लपवते, त्याबद्दल बोलू.